थाई उपशीर्षकांत ओळ कोठे मोडावी?

भाषांतराच्या अभ्यासात आपण कविता, कथा, कायदा आणि जाहिरात यांची उदाहरणे पाहतो. मुद्रित व्याख्यानाच्या चित्रफितीखाली सरकणाऱ्या दोन ओळींचा विचार सहसा करत नाही. त्या ओळींना आपण व्यवहारात 'सबटायटल' म्हणतो. या लेखात मी 'उपशीर्षक' हा शब्द वापरते. इंग्रजीत दिलेल्या व्याख्यानाची उपशीर्षके थाई भाषेत करताना काय घडते, हे येथे एका उदाहरणाने दाखवायचे आहे आणि त्याबाबतचे माझे मतही मांडायचे आहे.

मत असे : वेळेची आणि ओळीची मर्यादा आड येते तेव्हा व्याख्यात्याचे बोलणे कमी करावे, संज्ञा कमी करू नये, आणि ओळ कोठे मोडायची हा निर्णय संगणकावर न सोपवता वाक्यरचना जाणणाऱ्या माणसाने घ्यावा. ऐकताना हे उघड वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालते.

थाई भाषेतील संस्कृत-पाली शब्दांचा अभ्यास करताना मी ती भाषा शिकले. त्या ओळखीमुळे काही वर्षांपूर्वी संख्याशास्त्राच्या एका इंग्रजी व्याख्यानमालेची थाई उपशीर्षके तपासण्याचे काम माझ्याकडे आले. उपशीर्षकांची भाषा सुबोध होती, चुका फारशा नव्हत्या. मात्र एक गोष्ट खटकली. 'प्रमाण विचलन' या संकल्पनेसाठी थाईत 'सुआन बियांगबेन मात्त्रथान' अशी संज्ञा आहे. तिच्यातला शेवटचा शब्द, म्हणजे 'प्रमाण' या अर्थाचा 'मात्त्रथान', काही ठिकाणी होता आणि काही ठिकाणी नव्हता. नव्हता तेथे नुसते 'विचलन' उरले होते. त्याच व्याख्यानात पुढे 'सरासरी विचलन' ही निराळी राशीही शिकवली होती आणि घाईच्या जागी तिचेही नुसते 'विचलन' झाले होते. दोन वेगळ्या राशी पडद्यावर एकाच नावाने वावरत होत्या. इंग्रजी न कळणारा विद्यार्थी उपशीर्षकांवरच विसंबून असतो. त्याने एकीच्या जागी दुसरी काढली, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

अनुवादकाला विचारले तेव्हा त्याचे उत्तर सरळ होते : "तिथे लाल खूण येत होती." उपशीर्षके तयार करण्याच्या साधनात मर्यादा ओलांडली की वेळेशेजारी आकडा लाल होतो. त्या लाल आकड्याने संज्ञेतला एक शब्द खाल्ला होता.

या मर्यादा कोणत्या, ते आधी पाहू. टेड व्याख्यानमालेच्या स्वयंसेवी अनुवादकांना दिलेल्या सूचना सर्वांना पाहता येतात. त्या नमुना म्हणून घेता येतील. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ खुणा, आणि वाचनाचा वेग सेकंदाला २१ खुणांहून अधिक नको, असे त्या सांगतात. एक उपशीर्षक सेकंदाहून कमी काळ दिसू नये आणि सात सेकंदांहून जास्त काळ राहू नये, अशीही अपेक्षा असते. इतर संस्थांचे आकडे थोडे कमीअधिक असतात, पद्धत हीच. आता प्रश्न असा, की 'खूण' म्हणजे काय?

रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक खूण, आणि प्रत्येक अक्षर ओळीत आपली जागा अडवते. त्यामुळे खुणा मोजल्या की लांबीही कळते. आपल्या लिपीत तसे होत नाही. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणक मात्र त्यात सहा खुणा मोजतो : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. थाई लिपीत जोडाक्षरे अशी बनत नाहीत, पण स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली, आधी आणि नंतर लागतात, आणि त्याखेरीज सूर दाखवणाऱ्या चार खुणा व्यंजनाच्या डोक्यावर बसतात. संबंध दाखवणारा 'थी' हा शब्द थाईत पावलोपावली येतो. त्यात व्यंजन, त्यावर स्वर, त्यावर सूरचिन्ह, अशा तीन खुणा एकाच जागेत एकमेकींवर रचलेल्या असतात. संगणकाच्या हिशेबी तीन, डोळ्याच्या हिशेबी एक. म्हणून खुणांवर बसवलेली मर्यादा थाई ओळीला अकारण आखूड करते. ओळीची लांबी ठरवताना वर-खाली बसणारी चिन्हे वगळून मोजावे, असे मला वाटते. वाचनाचा वेग मोजताना मात्र त्यांना सरसकट वगळणे बरे नाही, कारण सूर बदलला की शब्द बदलतो आणि वाचणाऱ्याचा डोळा ते चिन्ह टिपतच असतो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्याने मोजल्या जातात, हा खरा घोटाळा आहे.

दोन ओळींच्या मर्यादेलाही थाईत एक जास्तीचे कारण आहे. वरच्या ओळीतल्या व्यंजनाखाली लागलेला उकार आणि खालच्या ओळीतल्या व्यंजनावर रचलेली स्वर-सुरांची जोडी, ओळी जवळ असल्या की एकमेकांत अडकतात. तीन ओळी बसवण्याचा मोह झाला, तर आधी हे चित्र लहान पडद्यावर पाहावे.

आता ओळ मोडण्याकडे वळू. थाई लेखनात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. जागा सोडतात ती उपवाक्य किंवा वाक्य संपल्यावर. तिथली मोकळी जागा आपल्या स्वल्पविरामाचे किंवा पूर्णविरामाचे काम करते. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना हे नवल वाटणार नाही. मोडीतही आधी शिरोरेषा ओढून घेत आणि तिच्याखाली शब्द सलग लिहीत जात. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने भाषेच्या ज्ञानाने ओळखायचे. थाई वाचक हेच काम आयुष्यभर सहज करतो, पण ते सहज होते ते ओळ योग्य जागी मोडलेली असते म्हणून. थाई भाषेच्या वर्गात हमखास दिले जाणारे उदाहरण पाहा. एकाच अक्षरमालिकेचे 'ता-क्लोम' असे तुकडे केले तर अर्थ 'गोल डोळे', आणि 'ताक-लोम' असे केले तर 'वाऱ्यावर बसणे'. ओळ मध्ये कोठे मोडते त्यावर वाचक दोहोंपैकी एक अर्थ धरून पुढे जातो. चूक धरला असेल तर त्याला मागे यावे लागते. पुस्तकात मागे येता येते. साडेतीन सेकंदांत नाहीसे होणाऱ्या ओळीत येता येत नाही.

ज्या कार्यक्रमाला थाई शब्द ओळखता येत नाहीत, तो रुंदी संपली की तिथेच ओळ मोडतो. ओळखू येणारे कार्यक्रमही आपल्या शब्दसंग्रहावर चालतात; नव्या संज्ञा आणि परकी नावे तेथे नसली की अडखळतात. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर अक्षरे मोठी करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे, एका ओळीत ३० खुणा मावतात असे धरले, तर आपले वाक्य असे येते :

```
ส่วนเบี่ยงเบนมาตรฐานคือรากที่ส
องของความแปรปรวน
```

थाई न जाणणाऱ्यांसाठी सांगते : पहिल्या ओळीच्या शेवटी एकटे पडलेले व्यंजन 'स' आहे आणि दुसरी ओळ त्याच्या स्वराने सुरू होते. 'दोन' या अर्थाच्या 'सोंग' शब्दाचे दोन तुकडे झाले. या स्वराचे चिन्ह शब्दारंभी मूक व्यंजन म्हणूनही येते, त्यामुळे दुसरी ओळ चुकीची दिसत नाही. 'ओंग खोंग' अशी वाचली जाते आणि अर्थ लागत नाही. तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे, की काही थाई स्वरचिन्हे ओळीच्या आरंभी कधीच येऊ शकत नाहीत. ती तेथे दिसली तर तुकडा नक्की चुकला आणि ही चूक यंत्रालाही शोधता येते. येथल्यासारखी चूक मात्र यंत्राच्या हाती लागत नाही. ती वाचूनच कळते.

हे वाक्य व्याख्यानात कसे आले होते ते आता सविस्तर पाहू. प्राध्यापक फळ्याकडे वळता वळता भरभर बोलून गेले होते. त्यांच्या इंग्रजी वाक्याचा मराठीत भाव असा : 'तर, प्रमाण विचलन, लक्षात आहे ना, म्हणजे दुसरे काही नाही, प्रचरणाचे वर्गमूळ.' बोलायला लागला वेळ साडेतीन सेकंद. सेकंदाला २१ या हिशेबाने ७३ खुणांची सोय झाली. अनुवादकाच्या पहिल्या खर्ड्यात बोलण्यातले सगळे आले होते : आरंभीचे 'तर' म्हणून 'आव ला', 'विसरू नका बरं का' अशा अर्थाचे शब्द, पुरुष वक्त्याचा आदरार्थी 'ख्रप', आणि शेवटी 'हेच ते' असे ठसवणारे 'नान एंग'. एकूण खुणा ७६. आकडा लाल. 'मात्त्रथान' हा शब्द ७ खुणांचा आहे. तो काढला की ६९ उरतात आणि लाल रंग जातो. वाक्य सुंदर राहते, आदरार्थी शब्द राहतो, बोलण्याचा सूर राहतो. जाते ते फक्त शिकवलेले.

अनुवादकाला मी दोष देत नाही. चित्रपटाच्या उपशीर्षकांत ही निवड बरोबरच ठरली असती. तेथे पात्र कसे बोलते याला महत्त्व असते. एखादे विशेषण गळाले तर कथेचे अडत नाही. त्याचे हात त्या कामात तयार झाले होते. व्याख्यानात प्रेक्षक तीच ओळ वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहितो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मग काय काढावे? 'तर' निघू शकते. आधीच्या उपशीर्षकाशी असलेला संबंध चित्रातच दिसतो. 'ख्रप' निघू शकतो. वक्ता पुरुष आहे हे समोर दिसते आहे. (वक्ता स्त्री असेल तर हाच शब्द 'खा' होतो. इंग्रजी मजकुरावरून आवाज न ऐकता काम करणारे अनुवादक येथे फसतात. म्हणून व्याख्यानात हे शब्द आरंभी आणि समारोपाला ठेवावेत, मध्ये गाळावेत.) 'नान एंग' निघू शकते. 'लक्षात आहे ना' हे मात्र काढण्याआधी मी थांबले. ते नुसते बोलण्यातले लकबीचे वाक्य नाही. ही व्याख्या मागच्या तासाला झाली आहे, तेथे पाहा, अशी खूण शिक्षक त्यातून करतो. म्हणून ते आखूड करून, 'विसरू नका की' अशा अर्थाच्या 'या ल्यूम वा' या शब्दांत वाक्यारंभी घेतले. उरले ते असे :

```
41
00:03:12,400 --> 00:03:15,900
อย่าลืมว่าส่วนเบี่ยงเบนมาตรฐาน
คือรากที่สองของความแปรปรวน
```

पहिल्या ओळीत ३० खुणा, दुसरीत २६. मिळून ५६, म्हणजे सेकंदाला १६. वर-खाली बसणारी चिन्हे सोडून जागा मोजली तर ओळी २४ आणि २३ अशा जवळजवळ सारख्या येतात. परंतु सारखेपणा हा हेतू नव्हता. पहिल्या ओळीत 'विसरू नका की प्रमाण विचलन' आणि दुसरीत 'म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ' : उद्देश्य वर, विधेय खाली. वाचकाचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर उतरतो त्या क्षणी त्याचे मन एक गोष्ट पुरी करून दुसरीकडे वळत असते. ओळ मोडण्याची जागा तीच. संज्ञेच्या पोटात, नाम आणि त्याचे विशेषण यांच्यामध्ये, किंवा संबंध दाखवणाऱ्या शब्दानंतर लगेच ओळ मोडू नये. ओळ हाताने अशी मोडून ठेवली, की पडदा फारच अरुंद नसेल तर कार्यक्रम तिला हात लावत नाही.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने मला सर्वांत रंजक वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. इंग्रजी आणि थाई या दोन्ही भाषांत क्रियापद कर्त्यानंतर आणि कर्माआधी येते. मराठीत ते शेवटी येते. शिक्षक म्हणतो, 'भागा ही बेरीज n − 1 ने, n ने नाही', आणि म्हणतानाच आधी भागाकाराची रेघ ओढतो, मग खाली n − 1 लिहितो. थाई उपशीर्षक त्याच क्रमाने चालते : आधी 'भागा', मग 'बेरीज', मग n − 1. हात आणि ओळ बरोबर चालतात. मराठीत आपण स्वाभाविकपणे 'ही बेरीज n ने नव्हे, n − 1 ने भागा' असे म्हणू. 'भागा' कळेपर्यंत रेघ ओढून झालेली असते. या बाबतीत थाई अनुवादकाचे काम मराठी अनुवादकापेक्षा सोपे आहे.

नामाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. इंग्रजी आणि मराठी विशेषण नामाआधी ठेवतात, थाई नामानंतर. 'सममित, घंटेच्या आकाराचे वितरण' असे शिक्षक सावकाश म्हणतो. मध्ये थांबतो, फळ्यावर वक्र काढतो, मग 'वितरण' हा शब्द येतो. इंग्रजी उपशीर्षकांत या थांब्याच्या जागी दोन तुकडे केलेले असतात आणि बहुधा तेच तुकडे, त्याच वेळांसह, सर्व भाषांच्या अनुवादकांना पाठवले जातात. थाईत क्रम असा येतो : 'कान चेकचेंग', म्हणजे वितरण, मग घंटेचा आकार, मग सममित. पहिल्या तुकड्यात जे लिहायचे त्याचा आधार असलेले नाम दुसऱ्या तुकड्यात अडकलेले असते. अनुवादकाने तुकडे जसेच्या तसे पाळले तर पहिल्या उपशीर्षकात नाम नसलेली विशेषणे लोंबकळतात आणि दुसऱ्यात एकटे नाम पडते. उपाय एकच : दोन्ही तुकडे जोडून एक करावे आणि वेळ नव्याने लावावी. यात 'वितरण' हा शब्द शिक्षकाच्या तोंडून येण्याआधी दोनेक सेकंद पडद्यावर दिसतो. येथे त्याने बिघडत नाही. बिघडते ते शिक्षक प्रश्न विचारून थांबतो तेव्हा. 'एका अतिश्रीमंताचे उत्पन्न यादीत आले तरी फारसे न हलणारे मूल्य कोणते?' असे विचारून तो वर्गाकडे पाहतो आणि चार सेकंदांनी 'मध्यक' असे उत्तर देतो. ते उत्तर प्रश्नाच्याच उपशीर्षकात जोडून टाकले, तर शिक्षकाने राखलेली विचाराची जागा अनुवादकाने बुजवली असे होते. तुकडे कधी जोडायचे आणि कधी सोडायचे, हे चित्रफीत पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. अनुवादकांना केवळ मजकुराची धारिका पाठवण्याची प्रथा मला म्हणूनच मान्य नाही.

संज्ञांविषयी आपल्याला विशेष जवळीक वाटावी अशी स्थिती आहे. 'स्थिती' हा शब्द मी मुद्दाम वापरला : थाई भाषेत संख्याशास्त्राला 'सथिति' म्हणतात आणि तो आपलाच 'स्थिति' आहे. मध्यक म्हणजे 'मत्थयथान', त्यात 'मध्य' आणि 'स्थान' सहज ओळखू येतात. बहुलक म्हणजे 'थाननियोम'. त्यातला 'नियोम' हा आपला 'नियम', पण थाईत त्याला 'लोकांना रुचणारे, प्रचलित' असा अर्थ आला आहे. प्रसामान्य वितरणातले 'प्रसामान्य' तेथे 'पकति' होते, म्हणजे पालीतून आलेली 'प्रकृति'. 'मात्त्रथान' मध्येही 'मात्र' आणि 'स्थान' आहेत. जेथून आपल्या परिभाषा कोशांनी शब्द घेतले त्याच भांडारातून थाई विद्वानांनीही घेतले. हे काम तेथे राजपंडितसभा करते. तिचे थाई नाव 'राचबंदित्तयसफा' असे आहे आणि त्यातले तिन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ही ओळख फसवीही असते. थाई 'महावित्थयालाय' म्हणजे विद्यापीठ, आपले महाविद्यालय नव्हे. संस्कृत येते म्हणून थाई संज्ञा कळतील, या भ्रमात मीही सुरुवातीला होते.

अडचण अशी, की अधिकृत संज्ञा, शालेय पुस्तकातली संज्ञा आणि वर्गात बोलली जाणारी संज्ञा या तीन नेहमी एक नसतात. प्रमाण विचलनालाच 'सुआन बियांगबेन मात्त्रथान' आणि 'खा बियांगबेन मात्त्रथान' अशी दोन रूपे आहेत. बोलताना विद्यार्थी इंग्रजी आद्याक्षरेही वापरतात. 'खा' हे रूप एका खुणेने आखूड आहे, म्हणून घाईच्या जागी ते आणि इतरत्र दुसरे असे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन्ही रूपे बरोबर असली तरी एका व्याख्यानमालेत एकच ठेवावे, आणि ते भाषांतर सुरू करण्याआधी ठरवावे. पडद्यावर नाव बदलले की विद्यार्थ्याला वस्तू बदलली असे वाटते. माझ्या पाहण्यात आलेल्या कामांत संज्ञांची यादी बहुधा शेवटी, चुका निघू लागल्यावर केलेली असे.

आणखी एक पेच आहे. शिक्षकामागच्या सरकपट्टीवर संज्ञा इंग्रजीत असते, खाली ती थाईत असते. विद्यार्थ्याने दोन्ही एकच आहेत हे ओळखायचे कसे? काही अनुवादक प्रत्येक वेळी थाई संज्ञेपुढे इंग्रजी शब्द कंसात देतात; त्याने ओळ भरून जाते. काही कधीच देत नाहीत. पहिल्यांदा संज्ञा येते तेथे शिक्षक सहसा थांबतो, ती लिहितो, पुन्हा उच्चारतो; वेळ मुबलक असतो. तेथे एकदा दोन्ही द्यावे, पुढे थाईच ठेवावे. नवा तास सुरू झाला की पुन्हा एकदा द्यावे, कारण मुद्रित व्याख्याने विद्यार्थी क्रमाने पाहतोच असे नाही.

शेवटी, वरच्या वाक्यातला 'वर्गमूळ' हा शब्द. थाईत मी तो 'राक थी सोंग' असा राहू दिला, अर्थ 'दुसरे मूळ'. थाई शालेय गणितात ४ ची 'राक थी सोंग' दोन आहेत असे शिकवतात : २ आणि उणे २. प्रमाण विचलन तर उणे असू शकत नाही, म्हणून थाई पाठ्यपुस्तके व्याख्येत 'उणे नसलेले' असे विशेषण जोडतात. इंग्रजीत बोलताना शिक्षकाला त्याची गरज वाटली नाही, कारण तेथे नुसत्या वर्गमूळ शब्दाने धन मूळच समजले जाते. मग उपशीर्षकात ते विशेषण घालावे का? जागा होती, ते घालूनही सेकंदाला २१ ची मर्यादा ओलांडली नसती. अनुवादकाचे मत घालावे असे होते. माझे मत घालू नये असे झाले, कारण पुढच्याच मिनिटात शिक्षक फळ्यावर मूळचिन्हासह सूत्र लिहितो आणि ते चिन्ह थाई विद्यार्थ्यालाही धन मूळच सांगते. आम्ही दोघांनी त्यावर बराच वेळ वाद घातला. अखेर ओळ तशीच ठेवली, आणि व्याख्यानासोबत दिल्या जाणाऱ्या थाई टिपणात त्याने ते विशेषण लिहिले.